‘लिहून टाका’ : एका किरकोळ जखमेच्या नऊ ओळींवर भाष्य

पत्राकामाच्या एका छोट्या कारखान्यात अपघाताच्या वहीत नोंद करायचे काम टाइम ऑफिसकडे, म्हणजे माझ्याकडे असे. अपघात शॉपमध्ये होई, त्याची बातमी फोनवरच्या शिफ्टच्या ग्रुपवर येई आणि वही माझ्या टेबलावर उघडी पडे. खाली एका मंगळवारच्या दुसऱ्या शिफ्टमधल्या नऊ ओळी मूळ लेखनासह दिल्या आहेत. नावे काढून जखमी हेल्परला ‘अमका’ म्हटले आहे. प्रत्येक ओळीखाली तिचा अर्थ, तिच्यावरची शंका आणि तिच्यातले वहीत काय गेले ते सांगितले आहे.

१. (५:३२, दुसरा हेल्पर) “सर अमक्याचं बोट गेलं”

पत्राकामाच्या शॉपमध्ये ‘बोट गेलं’ या दोन शब्दांचा अक्षरशः अर्थ घेता येतो, म्हणून सुपरवायझर धावतच खाली गेला. बोट गेले नव्हते, कापले होते. पण घाबरलेल्या माणसाला रक्त दिसते, जखम दिसत नाही. तो खोटे बोलत नव्हता. त्या क्षणी त्याच्या मनातले जखमेचे नाव तेच होते. नोंदीत मात्र जखमेचे नाव डॉक्टरांच्या कागदावरून घ्यायचे, पहिल्या हाकेवरून नाही. हाकेचा उपयोग वेगळा आहे. अपघात कोणी, कोणाला आणि कधी कळवला हे ती सांगते, आणि वहीत त्यासाठी स्वतंत्र रकाना असतो.

‘कधी’ या शब्दापाशी नवा लेखनिक हमखास घसरतो. ५:३२ ही अपघाताची वेळ नाही, मेसेज पाठवल्याची वेळ आहे. आधी जखम, मग आरडाओरडा, मग कपडा शोधणे, मग खिशातला फोन. अपघाताची वेळ दोन बाजूंनी आवळत आणावी लागते. चहाची सुट्टी ५:१५ ला संपली आणि अमका सुट्टीनंतर कामाला लागला होता, ही अलीकडची हद्द. पलीकडची हद्द कॅमेऱ्याने दिली. शिअरिंग मशिनच्या पुढच्या बाजूच्या कॅमेऱ्यात दुसरा हेल्पर मागच्या बाजूला धावताना दिसतो आणि पडद्यावर ५:३४ वाजलेले असतात. म्हणजे मेसेजनंतर दोन मिनिटांनी अपघात? असे काही नव्हते. कॅमेऱ्याचे घड्याळ सात मिनिटे पुढे होते. ते फोनच्या घड्याळाशी ताडून पाहिल्यावरच कळले, आणि किती पुढे आहे तेही वहीत लिहिले. खरी वेळ ५:२७ निघाली.

वहीत: ‘सायं. ५:२५ च्या सुमारास (५:१५ नंतर, ५:२७ पूर्वी)’. ‘सुमारास’ लिहायला लाजू नये. मात्र कंसातल्या दोन हद्दींशिवाय तो नुसता अंदाज ठरतो.

२. (५:३३, तोच) “शिअरिंगच्या मागे. पत्रा लागला. लय रक्त”

साऱ्या चॅटमध्ये ‘च्या मागे’ हे शब्दयोगी रूप सर्वांत मोलाचे आहे आणि सफाई करताना तेच आधी उडते. माझ्या आधीच्या लेखनिकाने अशा नोंदी ‘शिअरिंग मशिनवर काम करताना’ अशा केल्या होत्या. ‘मशिनवर’ वाचले की वाचणाऱ्याला पाते, त्याचे गार्ड आणि पायपेडल दिसते. चौकशी मशिनच्या पुढच्या बाजूला सुरू होते आणि तिथे सगळे ठीक निघते. पण पाते पुढच्या बाजूला असते. कातरलेली पट्टी मागच्या बाजूला पडते आणि तिथून हेल्पर ती उचलतो. हा अपघात पात्याचा नव्हता, कातरून पडलेल्या मालाच्या कडेचा होता. कातरलेल्या कडेला एका बाजूने बारीक बर राहते. तिच्यावरून हात नुसता टेकला तर ओरखडा येतो. घट्ट पकडलेली पट्टी हातातून सरकली तर काप पडतो.

म्हणून ‘पत्रा लागला’ हेही अपुरे आहे. कोणता पत्रा, आणि तो कसा लागला? जॉब कार्डावरून कळले की सी. आर. पत्रा होता, १.६ मि.मी. जाड, ९०० बाय १५० मि.मी. च्या पट्ट्या. अशी एक पट्टी पावणेदोन किलोच्या आत भरते. अमका सहा पट्ट्या एकदम नेत होता, म्हणजे दहा किलोच्या आसपास. वजन अवघड नव्हते. अवघड होती ती तेलकट, एकमेकींवरून घसरणारी चळत.

‘लय रक्त’ वहीत गेले नाही. रक्त कोणी मोजलेले नसते. त्याच्याऐवजी काय केले ते लिहिले: ‘रक्तस्राव झाला, प्रथमोपचार पेटीतील पट्टीने बोट दाबून बांधले’.

३. (५:३६, सुपरवायझर) “हातमोजे न घालता हात कापून बसला. शंभरदा सांगितलंय”

या ओळीपाशी जरा थांबावे लागेल, कारण मराठीत ठपका बहुधा नामात नसतो, विशेषणातही नसतो. तो शेवटच्या छोट्या क्रियापदात लपतो. ‘हात कापला’ ही घटना झाली. ‘हात कापून घेतला’ म्हटले की जखमीने तो स्वतःवर ओढवून घेतला. ‘हात कापून बसला’ म्हटले की मूर्खपणा त्याचा आणि आता निस्तरायचे आम्ही. कापणे तिन्हीकडे तेच आहे. फरक फक्त ‘घेणे’ आणि ‘बसणे’ यांचा. नोंद शुद्ध करताना लोक ‘मूर्ख’, ‘बेफिकीर’ असे शब्द काढतात आणि नोंद तटस्थ झाली असे समजतात, पण ‘कापून घेतले’ तसेच राहते. दहा वर्षांनी वही उघडणाऱ्याच्या मनात तेवढ्याने निकाल लागून जातो.

उलट चूकही होते. ठपका टाळायचा म्हणून ‘बोट कापले गेले’ लिहिणारे आहेत. त्यात कशाने आणि काय करताना हे दोन्ही बुडते. जखमेला साधन द्यावे: ‘पट्टीच्या कडेने बोट कापले’. हे वाक्य माणसाला दोष देत नाही आणि पट्टीला लपवतही नाही.

‘शंभरदा’ हा आकडा नाही. पण त्याच्या तळाशी तपासता येण्यासारखा दावा आहे: सूचना दिली होती. कधी, कोणी, कशी? सुपरवायझरला विचारले तेव्हा तो म्हणाला, रोज शिफ्टच्या सुरुवातीला सांगतो. लेखी नोंद नव्हती. वहीत: ‘हातमोज्यांबाबत रोज तोंडी सूचना देत असल्याचे सुपरवायझर सांगतात, लेखी नोंद नाही’. यातले दुसरे वाक्य त्याला टोचले. पण ते गाळले असते तर पहिल्या वाक्याचे वजन खोटे वाढले असते.

‘न घालता’ हे मात्र विधान आहे, आणि पुढच्याच ओळीत ते अडखळते.

४. (५:३९, दुसरा हेल्पर) “हातमोजे होते सर. फाटके होते. सोमवारी स्टोअरला मागितलेले”

दोन साक्षीदार उलट बोलले की लेखनिकाला त्यातला एक निवडायचा मोह होतो, आणि निवड बहुधा हुद्द्याप्रमाणे होते. इथे दोघेही पाहिलेलेच सांगत होते. सुपरवायझर पोचला तेव्हा अमक्याचा हात नळाखाली होता आणि हातमोजा काढलेला होता. त्याने उघडा हात पाहिला आणि त्यावरून अनुमान केले. हेल्परने हातमोजा काढताना पाहिला. ‘तुम्ही काय पाहिलंत?’ आणि ‘तुम्ही कुठे उभे होता?’ हे दोन प्रश्न दोघांना वेगवेगळे विचारले की भांडण निम्मे मिटते. ‘काय झालं?’ असे विचारले की प्रत्येक जण गोष्ट सांगायला लागतो.

हातमोजा नळाजवळ सापडला. तो कागदी पाकिटात घालून वर तारीख लिहिली. पुसला नाही, धुतला नाही. होजिअरीचा, विणलेल्या सुताचा, उजव्या हाताचा. त्याच्यात दोन फटी होत्या आणि त्या सारख्या नव्हत्या. तळव्याजवळच्या फटीची कड विसविशीत, तेलाने काळी झालेली. तर्जनीवरच्या फटीत सूत सरळ तुटलेले, धागे स्वच्छ, भोवती रक्त. पहिली जुनी, दुसरी त्याच दिवसाची असे माझे मत झाले. वहीत मात्र फटींचे वर्णन गेले, मत गेले नाही. आणि त्यातून एक गोष्ट आपोआप पुढे आली. जिथे बोट कापले तिथे हातमोजा आधी फाटलेला दिसत नव्हता. म्हणजे नवा होजिअरीचा हातमोजा असता तरी तो कापलाच गेला असता. फाटक्याऐवजी नवा देणे हा उपाय नव्हता. कापरोधक हातमोजा हवा होता. हातमोजा ‘घातला की नाही’ एवढ्यावरच वाद अडला असता तर हे कधी दिसले नसते.

स्टोअरच्या रजिस्टरात अमक्याला शेवटची जोडी तेवीस दिवसांपूर्वी दिल्याची सही होती. सोमवारच्या मागणीची चिठ्ठी नव्हती. स्टोअरकीपर म्हणाला, तोंडी मागितले होते, माल शिल्लक नव्हता. हे तीनही वहीत गेले, प्रत्येक आपापल्या सांगणाऱ्याच्या नावावर. तटस्थ नोंद म्हणजे कोणालाच न बोचणारी नोंद, असा समज आहे. त्या समजाने लिहिले तर चॅटमधून सर्वांत आधी ही चौथी ओळच पुसली जाते.

५. (५:४०, दुसरा हेल्पर) [फोटो]

फोटोत पंजा आहे, बोटे वर, तर्जनीच्या मधल्या पेरावर आडवा काप. पंजाची आतली बाजू आपल्याकडे आणि बोटे वर असतील तर उजव्या हाताचा अंगठा उजवीकडे येतो. इथे उजवीकडेच होता. पण फोन समोरच्या कॅमेऱ्यावर असेल तर काही फोन चित्र उलटे जपतात आणि उजवा हात डावा होतो. फोटोवरून हात ठरवू नये, माणसाला विचारावे. बोटाचा आकडाही लिहू नये. ‘दुसरे बोट’ म्हणजे अंगठा धरून की न धरून, यावर डॉक्टर आणि कारकून यांचे एकमत होत नाही. तर्जनी, मधले बोट, अनामिका, करंगळी ही नावे असताना आकड्याची गरजच काय.

फोटो ग्रुपवरून उतरवून घेतला तर तो काढल्याची वेळ त्याच्यासोबत येत नाही. पाठवताना ती माहिती गळून पडते. मूळ फाइल काढणाऱ्याच्या फोनमधून घ्यावी, किंवा त्याला ती डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगावी.

६. (५:४४, शिअरिंग ऑपरेटर) “ट्रॉलीचं चाक गेलंय परवापासून. गाडी थांबलेली म्हणून हातानेच नेत होते”

पुन्हा ‘गेलं’. पहिल्या ओळीतले बोट गेले नव्हते, मग इथले चाक तरी गेले होते का? जाऊन पाहिले. चाक जागेवर होते, पण बेअरिंग अडकल्याने फिरत नव्हते आणि भरलेली ट्रॉली एका बाजूला ओढत होती. तसेच लिहिले.

‘म्हणून’ या शब्दावर लेखनिकाने बोट ठेवावे. ‘म्हणून’च्या एका बाजूला वस्तुस्थिती असते, दुसऱ्या बाजूला कारण, आणि दोन्ही जोडण्याचे काम बोलणारा स्वतःच्या अधिकारात करतो. गाडी थांबलेली होती हे गेटच्या रजिस्टरवरून खरे ठरले: ४:५० ला आत आलेली, सातनंतर बाहेर गेलेली. हाताने नेत होते हेही खरे. पण गाडीमुळे नेत होते की ट्रॉलीमुळे, की ट्रॉली धड असतानाही नेत असत? अमक्याने सांगितले, ‘आठ-दहा पट्ट्या असल्या तर नेहमी हातानेच नेतो.’ हे ऑपरेटरच्या ‘म्हणून’मध्ये बसत नव्हते. वहीत तिन्ही गोष्टी वेगळ्या वाक्यांत लिहिल्या आणि मध्ये ‘म्हणून’ ठेवला नाही. कारण शोधणे हे चौकशीचे काम, आणि तिचा कागद वेगळा. त्या कागदाला कच्चा माल पुरवणे एवढेच नोंदीचे काम.

७. (५:४६) “हा मेसेज डिलीट केला आहे”

जुन्या पोथीत पान गहाळ असले की भाष्यकार ‘येथे पाठ त्रुटित’ एवढे लिहून पुढे जातो. इथे पाठवणारा शिफ्टमध्येच हजर होता. विचारल्यावर तो म्हणाला, चुकून दुसऱ्या ग्रुपचा विनोद इकडे पडला. असेलही. त्याचे म्हणणे लिहून घेतले, त्यावर तर्क केला नाही. वहीत ही ओळ गेली नाही. पण त्याच संध्याकाळी मी चॅट फाइलमध्ये काढून ठेवली होती, त्यात ती आहे. चॅट दुसऱ्या दिवशी काढू म्हणून ठेवली तर अशा ओळी वाढतात.

८. (६:३१, दुसरा हेल्पर) “तीन टाके. टीटी दिलं. उद्या येतो म्हणाला”

दवाखान्याच्या कागदावर ५:५५ ची वेळ, उजवी तर्जनी, तीन टाके, धनुर्वाताचे इंजेक्शन हे सर्व होते. गेटवर ५:४१ ला सुपरवायझरची मोटारसायकल बाहेर पडल्याची नोंद होती. एवढे जुळले की ही ओळ पटकन आटोपते.

शेवटचे तीन शब्द सोडून. ‘उद्या येतो म्हणाला’ ही घटना नाही, मानस आहे. घाईतला लेखनिक त्याचे ‘कामगार दुसऱ्या दिवशी कामावर रुजू’ असे करून टाकतो, कारण वहीतला तो रकाना रिकामा राहिला की त्याला चैन पडत नाही. हा रकाना मात्र साधा नाही. १९४८ च्या कारखाना कायद्याच्या कलम ८८ प्रमाणे जखमेमुळे अपघातानंतर ४८ तास किंवा जास्त वेळ काम करता आले नाही तर कारखाना निरीक्षकाकडे सूचना जावी लागे. त्या कायद्याच्या जागी आलेल्या २०२० च्या संहितेतही हा ४८ तासांचाच आकडा आहे. मंगळवारी ५:२५ पासून मोजले तर ही रेषा गुरुवारी ५:२५ ला येते. मंगळवारी संध्याकाळी तिच्याबद्दल कोणालाच काही माहीत असणे शक्य नव्हते. वहीत: ‘कामावर परतल्याची तारीख: प्रलंबित’.

९. (६:४०, मॅनेजर) “किरकोळ आहे. ग्रुपवर नको. फर्स्ट एडमध्ये लिहून टाका”

मधले वाक्य मला मान्य आहे. जखमेचे फोटो चाळीस जणांच्या ग्रुपवर फिरू नयेत. ‘किरकोळ’ हे मत आहे, आणि कदाचित बरोबरही. पण ते नोंदीच्या आधी येऊन तिची लांबी ठरवू लागले की अडचण होते. टाके घालणे हा फर्स्ट एड नव्हे. अमेरिकेच्या कामगार-सुरक्षा नियमांत तर चिकटपट्टीने कड जुळवली तर प्रथमोपचार आणि टाका घातला तर वैद्यकीय उपचार, अशी स्पष्ट रेघ आहे. आपल्याकडे मोजमाप टाक्यांवर नाही, तासांवर आहे. तरी पेटीतली पट्टी आणि डॉक्टरचा टाका एकाच वहीत एकाच नावाने बसत नाहीत.

राहिले ‘लिहून टाका’. ‘बसला’मध्ये जसा ठपका, तसा ‘टाका’मध्ये निकाल. लिहून टाकणे म्हणजे हातावेगळे करणे. ‘लिहून ठेवा’ म्हटले असते तर अर्थ अगदी उलटा झाला असता.

राज्य विमा योजनेच्या अपघात-वहीत, नमुना ११ मध्ये, एक रकाना विचारतो की अपघाताच्या वेळी जखमी नेमके काय करत होता. बहुतेक वह्यांत तिथे ‘काम’ एवढेच लिहिलेले सापडते. बुधवारी सकाळी आम्ही वही घेऊन अमक्याच्या घरी गेलो. तोवर झालेल्या पाठाचा मुख्य भाग असा होता:

‘मंगळवारी सायं. ५:२५ च्या सुमारास (५:१५ नंतर, ५:२७ पूर्वी) शिअरिंग मशिनच्या मागील बाजूस हेल्पर १.६ मि.मी. सी. आर. पत्र्याच्या (९०० × १५० मि.मी.) सहा पट्ट्या दोन्ही हातांनी उचलत असताना एक पट्टी सरकली व तिच्या कडेने उजव्या तर्जनीच्या मधल्या पेरावर काप पडला. मशिन त्या वेळी बंद होते. हेल्परच्या हातात विणलेले सुती हातमोजे होते. हातमोजा जतन केला आहे. ट्रॉलीचे एक चाक फिरत नव्हते. प्रथमोपचारानंतर ५:४१ ला दवाखान्यात नेले. तीन टाके, धनुर्वाताचे इंजेक्शन. कामावर परतल्याची तारीख: प्रलंबित.’

त्याला वाचून दाखवले. ‘उचलत असताना’वर त्याने मान हलवली. उचलताना काही झाले नव्हते, तो म्हणाला. उचलून गाडीकडे वळताना पट्टी सरकली, कारण वळायला जागा नव्हती, मागे भंगाराचा ड्रम होता. ड्रमबद्दल नऊ ओळींत अक्षर नव्हते, कॅमेऱ्यातही नव्हता. ‘उचलत असताना’वर एकच आडवी रेघ मारली, खालचे शब्द वाचता येतील अशी, वर ‘उचलून वळत असताना’ लिहिले, बाजूला दोघांच्या सह्या आणि तारीख. त्याने सही डाव्या हाताने केली, म्हणून तेही लिहिले. ड्रमचे अंतर कारखान्यात परत आल्यावर टेपने मोजले: मशिनच्या मागच्या टेबलापासून ७० सें.मी. ते त्याच्या म्हणण्याखाली वेगळ्या ओळीत, मोजल्याच्या वेळेसह गेले.

अमका बुधवारी आला नाही, गुरुवारीही नाही. शुक्रवारी दुपारी तीनला बोटाला पट्टी बांधून आला. ‘प्रलंबित’च्या पुढे ती तारीख आणि वेळ चढली. ४८ तासांची रेषा गुरुवारी संध्याकाळीच ओलांडली होती, म्हणून निरीक्षकाकडची सूचना शुक्रवार उजाडायची वाट न पाहता गेली होती. तिला जोडायला वेगळे काही लिहावे लागले नाही. वहीतले पान होते तसे उतरवून दिले.